सहीची घाई आणि नोंदीची दिरंगाई

कुटुंबातील कर्त्या पुरुषाचे निधन झाले म्हणजे त्याच्या पत्नीशी पैशाअडक्याचे बोलणे कोणी, केव्हा आणि कसे काढावे, हा प्रश्न आमच्या घरांतून नेहमीच नाजूक समजला जातो, आणि तो तसा आहेही. परंतु या नाजूकपणाच्या पोटी दोन अगदी उलट प्रकार घडताना दिसतात. काही घरांत संकोचामुळे वर्षानुवर्षे कोणीच बोलत नाही. सातबाऱ्यावर मृताचेच नाव राहते, बँकेतील ठेव तशीच पडून राहते, आणि त्या बाईला आपले म्हणून काय आहे हेच ठाऊक नसते. इतर घरांत याच्या नेमके उलट होते. तेराव्याला सर्व आप्तेष्ट जमलेले असतात, पुण्या-मुंबईची मंडळी दुसऱ्या दिवशी परतावयाची असतात, म्हणून 'सगळे आहेतच तर उरकून टाकू' असे म्हणून मुद्रांकाचा कागद तिच्यापुढे येतो. ती डोळे पुशीत सही करते. त्या कागदात काय होते, हे तिला पुढे कधीतरी कळते.

पहिला प्रकार हा नोंदीची दिरंगाई होय, आणि दुसरा सहीची घाई. दोन्हींचे मूळ एकच आहे. आपण दोन अगदी भिन्न गोष्टींना 'कागदपत्रे' हे एकच नाव देतो. एका जातीचे कागद विधवेचे नाव तिच्या हक्काच्या जागी लावतात. दुसऱ्या जातीचे कागद तिच्या हातून काही सोडवितात. पहिल्या जातीच्या कागदांस मुदती असतात, दुसऱ्या जातीच्यास मुळीच नसतात. ज्याने हा भेद ओळखला, त्याला बोलणे कसे काढावे याचे निम्मे उत्तर सापडले असे आम्ही समजतो. पहिल्या जातीचे बोलणे वेळेवर काढण्यात अनौचित्य नाही, आणि दुसऱ्या जातीचे बोलणे पहिल्या वर्षात मुळीच काढू नये.

हे बोलणे वेळीच आणि नीट न झाल्यास काय होते, त्याचे एक उदाहरण न्यायालयाच्या दप्तरात कायमचे नोंदलेले आहे. सांगलीकडील खंडाप्पा मगदूम हे १९६० च्या जूनमध्ये वारले. मागे पत्नी हिराबाई, दोन पुत्र आणि तीन कन्या होत्या. दोन-अडीच वर्षांतच हिराबाईंना सांगलीच्या दिवाणी न्यायालयात वाटणीचा दावा लावावा लागला, आणि पहिला प्रतिवादी होता त्यांचाच मुलगा गुरुपाद. हिराबाईंचे म्हणणे होते की मिळकतीत आपला हिस्सा चोविसांत सात इतका आहे. खालच्या न्यायालयाने चोविसांत एकच दिला. मुंबईच्या उच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवून हिराबाईंचे म्हणणे मान्य केले, आणि अखेर २७ एप्रिल १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या लेखणीतून, तेच कायम केले. मृत्यूपासून निकालापर्यंत अठरा वर्षे गेली. आईला आपला वाटा पुत्राकडून न्यायालयाच्या मार्गाने घ्यावा लागला, याहून दुःखाची गोष्ट त्या घरात दुसरी कोणती झाली असेल?

चोविसांत सात हा आकडा आला कसा, हे समजून घेणे उपयोगाचे आहे. कारण विधवेशी बोलणाऱ्याला तिचा हिस्सा स्वतःलाच ठाऊक नसेल तर तो तिला काय सांगणार? वडिलोपार्जित मिळकतीत, मृत्यूच्या आदल्या क्षणी वाटणी झाली असे कायदा कल्पितो. खंडाप्पा, त्यांची पत्नी आणि दोन पुत्र असे त्या वेळी चार वाटेकरी धरले गेले, म्हणजे प्रत्येकाचा चौथा हिस्सा. आमच्याकडील मिताक्षरा परंपरेत बापलेकांची वाटणी होते तेव्हा पत्नीलाही पुत्राइतका वाटा मिळतो, हे पुष्कळांच्या लक्षात नसते. मग खंडाप्पांचा स्वतःचा जो चौथा हिस्सा, तो पत्नी आणि पाच मुले अशा सहा वारसांत सारखा वाटला, म्हणजे प्रत्येकाला चोविसावा. हिराबाईंचे मूळचे सहा आणि वारशाने आलेला एक, मिळून सात. पुढे २००५ साली कायदा बदलला आणि कन्याही पुत्रांप्रमाणे जन्मतःच वाटेकरी झाल्या. त्याच कुटुंबाचा हिशेब आज केला तर वाटेकरी सात धरावे लागतील आणि सहाही वारसांना सारखाच, म्हणजे सहावा, हिस्सा येईल. मृताने स्वतःच्या कमाईने घेतलेल्या आणि मृत्युपत्र न केलेल्या मिळकतीचा हिशेब तर याहून सोपा आहे. पत्नी, पुत्र, कन्या आणि मृताची आई हयात असल्यास ती, या सर्वांना समान हिस्सा, असे १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा सांगतो. शिवाय त्या कायद्यान्वये विधवेला मिळणारा हिस्सा हा पूर्ण मालकीचा असतो; पूर्वीप्रमाणे केवळ हयातीपुरता नव्हे.

मिताक्षरेचे नाव निघाले म्हणून सांगतो. हा ग्रंथ विज्ञानेश्वरांनी चालुक्यांच्या कल्याणी नगरीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात लिहिला, आणि ते स्थान आमच्या धाराशिव जिल्ह्याच्या उमरगा बाजूपासून फार दूर नाही. पुत्रहीन विभक्त पुरुषाच्या वारसांत पत्नीला पहिले स्थान याज्ञवल्क्य देतात, आणि विज्ञानेश्वर त्याचे हिरिरीने समर्थन करतात. तेव्हा विधवेच्या धनाविषयी बोलणे हे परंपरेला सोडून आहे, असे कोणी म्हणू लागल्यास ते आम्हांस पटत नाही.

आता बोलणे कसे काढावे ते एका घरावर बसवून पाहू. कळंब तालुक्यातील एक घर कल्पनेने डोळ्यांपुढे आणा. घरधनी निवृत्त शिक्षक होते. त्यांनी स्वतः विकत घेतलेली दहा एकर जिराईत जमीन आहे. त्यांची वृद्ध आई हयात आहे. थोरला मुलगा पुण्यास नोकरीला, धाकटा शेती पाहतो, कन्या लातूरला दिलेली. मृत्युपत्र नाही. म्हणजे वारस पाच: पत्नी, आई, दोन पुत्र आणि कन्या. प्रत्येकाची दोन एकर. मृताचा धाकटा भाऊ शेजारीच राहतो आणि त्याची वाटणी पूर्वीच झालेली आहे.

या घरात बोलणारा माणूस कोण असावा? आमच्या मते हा दीरच. कारण या मिळकतीतून त्याला काही मिळावयाचे नाही. मुलांनी बोलणे काढले तर ती मुलेच वारस, म्हणून कितीही प्रेमाने बोलली तरी आईच्या मनात किंतु राहतो, आणि बाहेरच्यांच्याही. मात्र भावांची जमीन अजून एकत्र असेल, तर दीरही हितसंबंधी ठरतो. तेव्हा त्याने हे काम तिच्या माहेरच्या भावाकडे किंवा दोन्ही घरांस मान्य अशा वडीलधाऱ्या मनुष्याकडे सोपवावे. बोलणारा एकच असावा. पाचजण मिळून बोलावयास बसले की ते बोलणे राहत नाही, ती पंचायत होते.

पहिल्या दहा दिवसांत पैशासंबंधी एकच प्रश्न विचारण्याजोगा आहे, आणि तो ठेवींचा नव्हे. 'वहिनी, रोजच्या खर्चाला हाताशी काही आहे ना? कोठे अडत असेल तर निःसंकोच सांगा,' एवढेच. 'दादांनी किती ठेवले आहे?' हा प्रश्न त्याच अर्थाचा वाटला, तरी ऐकणाऱ्याला तो झडतीसारखा लागतो. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत करावयाची असते. ते काम तिला न विचारता दीराने किंवा मुलाने करावे आणि दाखल्याच्या आठ-दहा प्रती काढून ठेवाव्या. दाखल्यावरील नाव सातबारा, पासबुक आणि आधारपत्रिका यांवरील नावाशी अक्षरशः जुळते की नाही, हे त्याच वेळी पाहावे. एका कागदावर 'रामचंद्र' आणि दुसऱ्यावर 'रामराव' असे असल्यास पुढे प्रत्येक खिडकीवर अडते. या दिवसांत कपाट किंवा पेटी तिच्या पाठीमागे कोणीही उघडू नये. मृताचे एटीएम कार्ड वापरून पैसे काढण्याचा मोह काही घरांत होतो. तोही टाळावा, कारण खातेदाराच्या मृत्यूनंतर असे काढलेले पैसे पुढे वारसांत तंट्याचे मूळ होतात, आणि संशय बहुधा त्या बाईवरच येतो.

दिवसकार्य झाल्यावर, पाहुणे आपापल्या गावी गेल्यावर, साधारण महिना-दीड महिन्याने दीराने बोलणे काढावे. पहिल्या खेपेस विषय मुळीच मांडू नये, फक्त परवानगी मागावी. 'वहिनी, शेताच्या आणि बँकेच्या कागदांचे थोडे बोलावयाचे आहे. आज नव्हे. तुम्हांला बरे वाटेल तो दिवस सांगा, आणि त्या वेळी जवळ कोण असावे तेही तुम्हीच सांगा.' या दोन वाक्यांनी पुष्कळ काम होते. दिवस तिने ठरविला म्हणजे घाईचा ठपका राहत नाही; सोबतीचे माणूस तिने निवडले म्हणजे घेरले गेल्याची भावना राहत नाही. ती कन्येला बोलवा म्हणाली तर लातूरहून कन्या येईपर्यंत थांबावे. 'तिला कशाला त्रास?' असे म्हणू नये, कारण कन्याही वारस आहे.

ठरल्या दिवशी बोलणाऱ्याने प्रथमच एक गोष्ट स्पष्ट सांगावी. 'आज जे कागद करावयाचे आहेत, त्यांनी तुमचे काही जात नाही. तुमचे नाव लागते. ज्या कागदाने काही सोडावे लागते, असा एकही कागद मी आज आणलेला नाही.' आमच्या पाहण्यात असे आले आहे की विधवेच्या मनातील भीती आकड्यांची नसते, ती न सांगितलेल्या हेतूची असते. हेतू आधीच उघड केला की मग आकड्यांचे बोलणे सहज होते. सासूबाई हयात आहेत, त्यांनाही या बैठकीत पाटावर बसवावे. त्याही विधवा आणि त्याही वारस. परंतु म्हातारपणामुळे त्यांचा हिस्सा बहुतेक घरांत विसरलाच जातो.

या बैठकीचे काम म्हणजे वारस नोंदीचा अर्ज. जमीन महसूल संहितेप्रमाणे वारशाने आलेल्या हक्काची खबर तीन महिन्यांच्या आत गावच्या तलाठ्यास द्यावयाची असते; तलाठ्यांस आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. तीन महिने उलटले म्हणून हक्क बुडत नाही, हेही तिला सांगावे, नाहीतर मुदतीच्या नावाखाली तिला घाई केल्यासारखे होते. अर्जासोबत मृत्यूचा दाखला, जमिनीचे सातबारा व आठ-अ उतारे आणि सर्व वारसांची नावे, वये, पत्ते व मृताशी नाते लिहिलेले प्रतिज्ञापत्र लागते. गावकामगार वारसांची चौकशी करून ती वारस नोंदवहीत घेतो, मग फेरफार नोंद लिहितो आणि हितसंबंधी मंडळींस नोटीस देतो. हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. त्यानंतर मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो आणि मगच सातबाऱ्यावर नावे येतात. २०२५ च्या एप्रिलपासून शासनाने 'जिवंत सातबारा' या नावाने मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्याची मोहीमही राज्यभर घेतली. वर्षानुवर्षे मृतांच्या नावावर राहिलेल्या जमिनी किती असतील, याची कल्पना यावरून यावी.

प्रतिज्ञापत्र तिला मोठ्याने वाचून दाखवावे आणि मग ते तिच्याजवळ आठ दिवस राहू द्यावे. कच्ची प्रत ज्या दिवशी दाखविली त्याच दिवशी सही घेऊ नये, हा नियम कधीही मोडू नये. मूळ कागद तिच्याच पेटीत राहावे. बाहेर न्यावयाचे ते झेरॉक्स न्यावे आणि काय नेले ते एका वहीत लिहून ठेवावे. ही वही क्षुल्लक वाटते. परंतु सहा महिन्यांनी 'ते पासबुक तुम्हीच नेले होते' असा शब्द निघाला, तर नाते वाचविणारी तीच असते.

आता चूक कोठे होते आणि ती ओळखावी कशी, हे सांगणे अवश्य आहे. नवा सातबारा हाती आला की विधवेने स्वतः तीन गोष्टी पाहाव्या. पाचही वारसांची नावे आहेत काय? कन्येचे आणि सासूबाईंचे नाव गळलेले असेल, तर ती नोंद अपुरी आहे, मग घरात सर्वांची संमती का असेना. दुसरे, तिचे नाव भोगवटादाराच्या म्हणजे कब्जेदाराच्या रकान्यात आहे काय? पुष्कळ ठिकाणी मुलांची नावे कब्जेदार म्हणून लागतात आणि आईचे व बहिणीचे नाव 'इतर हक्क' या रकान्यात जाते. दिसावयास नाव आहेच. परंतु पीककर्ज, पीकविमा, अनुदान हे सर्व कब्जेदाराच्या नावाने चालते, आणि इतर हक्कातील नावाला कोणी विचारीत नाही. तिसरे, फेरफाराचा क्रमांक सातबाऱ्यावर असतो, त्या क्रमांकाची फेरफार नोंद काढून ती 'वारसाने' झाली आहे की 'हक्कसोडीने' किंवा 'वाटणीने', हे वाचावे. वारस नोंदीच्या अर्जाबरोबर एखादा संमतीचा कागद बेमालूम जोडला गेला असेल, तर तो येथे उघड होतो. अर्थात सातबाऱ्यावरील नोंद म्हणजे मालकीचा अखेरचा निर्णय नव्हे. महसुली दप्तरातील नोंदीने हक्क निर्माण होत नाही किंवा नष्ट होत नाही, असे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. म्हणून चूक आढळली तर घाबरू नये. मात्र ती दाखवून देण्यात दिरंगाईही करू नये.

आमच्या जिल्ह्यात आणखी एक अडचण येते. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे जुने कागद पुष्कळदा उर्दूत असतात. जमीन मृताने स्वतः घेतलेली की आजोबांपासून आलेली, यावर हिस्सा अवलंबून असतो. तो निर्णय करावयाचा तर मृताच्या नावावर जमीन कोणत्या फेरफाराने आली हे मागे मागे पाहत जावे लागते, आणि शेवटी १९५४ च्या सुमाराच्या खासरा पाहणीपर्यंत पोहोचावे लागते. जमीन जुनी इनामी असेल तर तिचे नियम निराळे असतात. देवस्थानाच्या सेवेसाठी दिलेली असेल तर ती देवस्थानाचीच राहते. असे काही असेल तर 'वहिनी, ही जमीन कशी आली ते मी तहसिलातून काढून आणतो, तोवर हिश्शाचे काही ठरवू नका,' असे म्हणावे. नीट माहिती नसताना दिलेले आश्वासन हे न दिलेल्या आश्वासनाहून वाईट.

बँकेच्या बाबतीत घरोघर एक गैरसमज आढळतो, तो असा की खात्यावर ज्याचे नाव नामनिर्देशित, तोच मालक. वस्तुतः नामनिर्देशित व्यक्ती ही पैसा स्वीकारून वारसांस पोहोचविणारी विश्वस्त असते. ज्यांचे 'कालनिर्णय' आपल्या प्रत्येकाच्या भिंतीवर असते, त्या जयंतराव साळगावकरांच्या निधनानंतर त्यांच्या कुटुंबात गुंतवणुकीविषयी असाच वाद झाला, आणि १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की समभाग व म्युच्युअल फंड यांतील नामनिर्देशित व्यक्ती केवळ नामनिर्देशनाने मालक होत नाही. बँकेतील ठेवींविषयीही तत्त्व तेच आहे. विम्याचे नियम काहीसे निराळे असल्याने तेथे कंपनीकडे स्वतंत्र विचारणा करावी. आमच्या कल्पित घरात ठेवीवर थोरल्या मुलाचे नाव असेल, तर दीराने ते दोघांसमोर एकदाच सांगून टाकावे: 'बाळ, पैसे तुझ्या खात्यात येतील, पण ते पाचांचे आहेत, आणि हे आईला ठाऊक असावे म्हणून तिच्यासमोर सांगतो.' कागद पुरे झाल्यावर पंधरा दिवसांत दावा निकाली काढावा, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. तेव्हा 'बँकेत फार वेळ लागतो' या सबबीवर तिला अंधारात ठेवण्याचे कारण नाही. शिक्षकाचे कुटुंबनिवृत्तिवेतन तर मृताची मालमत्ताच नव्हे. ते पत्नीचे स्वतःचे आहे, वारसांच्या वाटणीत त्याची गणती होत नाही. 'तुला पेन्शन आहेच, मग शेत कशाला?' असे बोलणे कायद्यालाही धरून नाही आणि रीतीलाही.

आता दुसऱ्या जातीच्या कागदांकडे वळू. हक्कसोडपत्र, कुलमुखत्यारपत्र, वाटणीपत्र, संमतीपत्र ही त्यांची नावे. त्यांतील ओळखीचे शब्द म्हणजे 'राजीखुशीने', 'विनामोबदला', 'यापुढे माझा व माझ्या वारसांचा काही संबंध राहिला नाही'. हे शब्द ज्या कागदात असतील, तो वर्षश्राद्धापूर्वी तिच्यापुढे येऊ नये, असा संकेत प्रत्येक घराने स्वतःपुरता घालून घ्यावा. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदले गेले की ते परत घेणे हे जवळजवळ अशक्यच असते. फसवणूक किंवा दबाव झाल्याचे न्यायालयात सिद्ध करावे लागते, आणि त्यालाही मुदत असते. कुटुंबातल्या कुटुंबात त्याला मुद्रांकशुल्क नाममात्र पडते, हे खरे; परंतु कागद स्वस्त म्हणून सोडलेली जमीन स्वस्त होत नाही. शेत विकावयाचे निघाले आणि वारसांत कोणी अज्ञान असेल, तर त्याचा हिस्सा जिल्हा न्यायालयाच्या परवानगीवाचून आईलाही विकता येत नाही, हेही येथे लक्षात असू द्यावे.

पुष्कळदा ती बाईच आपण होऊन म्हणते, 'मला काय करावयाचे आहे जमिनीचे? मुलांच्या नावे करून टाका.' येथे घरच्या मंडळींची खरी परीक्षा आहे. हे उद्गार खोटे नसतात. परंतु ते दुःखाचे उद्गार असतात, निर्णयाचे नव्हेत. अशा वेळी दीराने विरोधही करू नये आणि दुसऱ्या दिवशी मुद्रांकही आणू नये. त्याने एवढेच म्हणावे, 'तुमच्या मनात आहे ते पुढल्या वर्षीही करता येईल. आधी तुमचे नाव लागू द्या. नाव लागल्यावर तुम्ही द्याल ते तुमच्या हाताने दिलेले होईल.' या वाक्यात कायद्याचाही अर्थ आहे. नाव लागण्यापूर्वी सोडलेला हक्क कोणाच्या डोळ्यांना दिसत नाही, आणि न दिसलेल्या देण्याचे उपकारही कोणी स्मरत नाही. वर्षानंतरही तिचा विचार कायम असेल, तर तिच्या माहेरच्या माणसासमोर तीन प्रश्न विचारावे. हे दिल्यावर आपल्या स्वतःच्या नावे काय उरते? राहते घर कोणाच्या नावे आहे? उद्या औषधपाणी कोणाच्या पैशाने होणार? या तिन्हींची उत्तरे तिला स्वतःच्या तोंडाने देता आली, तर तिने खुशाल द्यावे. ती मालक आहे. उत्तर 'तुम्ही म्हणाल तसे' असे आले, तर कागद पुन्हा पेटीत ठेवावा.

काही सद्गृहस्थ विचारतील की मुले चांगली, सुना चांगल्या, मग इतका विधिनिषेध कशासाठी? आमचे उत्तर असे की ही काळजी चांगल्या घरांसाठीच आहे. कळंबच्या आपल्या कल्पित घरात पाचही नावे कब्जेदाराच्या रकान्यात लागली, ठेवीचा हिशेब आईच्या वहीत उतरला, आणि सोडण्याच्या कागदाला वर्षभर कोणी हात लावला नाही, तर पुढे जमीन एकत्र कसली काय किंवा आईने ती मुलांना दिली काय, भाऊबहिणींना एकमेकांकडे पाहताना मान खाली घालावी लागणार नाही.